मेथी अजून वाफ्यातच आहे

शेतातली भाजी ठरलेल्या वारी घरपोच देणाऱ्या योजनांच्या बहुतेक जाहिराती ‘ताजी, टवटवीत, आरोग्यदायी’ अशा शब्दांनी सुरू होतात. कोपऱ्यावरचा भाजीवालाही दिवसभर हेच सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ताजेपणा पटतो तो तोडणीची वेळ सांगितल्यावर.

समजा, मुळशीतला एक शेतकरी गट कोथरूडमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी भाजी देतो. त्यांच्या जाहिरातीची सुरुवात अशी करता येईल: “उद्या सकाळी तुमच्या दारात येणारी मेथी आत्ता अजून वाफ्यात उभी आहे. भेंडी, गवार आज संध्याकाळी तोडू. मेथी, कोथिंबीर उद्या पहाटे काढू.” यातला पहाटेचा उल्लेख शोभेसाठी नाही. पालेभाजीच्या पानांतून पाणी सतत उडत असतं. उन्हात काढलेली जुडी तापलेलीच गाडीत चढते आणि घरी पोचेपर्यंत माना टाकते. भेंडीला एक रात्र चालते. मात्र ती झाडावर दोन दिवस जास्त राहिली तर जून होते. म्हणून तोडणी वेळेवर होते हेच तिच्या बाबतीत सांगायचं.

वेळापत्रकाला एक वाक्य पुरे: “मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात ते दहा.” ‘लवकरात लवकर’ असं मोघम लिहिलं, तर नोकरीला जाणाऱ्या माणसाला दार उघडायला घरी कोण थांबणार हे ठरवता येत नाही.

ग्राहक खरा अडखळतो तो पुढे. गावाला गेलो तर पैसे बुडतील, भाजी दारात सडेल, ही त्याची धास्ती असते. तिथे ‘कधीही बंद करा’ असं लिहायचा मोह होतो, पण ते आश्वासन पाळता येत नाही. रात्री दहाला निरोप आला तर त्या घरची भेंडी तोडून झालेली असते. त्यापेक्षा मुदत स्पष्ट सांगावी: “गावाला निघालात? आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत व्हॉट्सॲपवर ‘सुटी’ एवढंच लिहा. त्या खेपेचे पैसे पुढच्या महिन्यात वळते करू. परत आलात की ‘सुरू’ लिहा.” बाराची मुदत अशासाठी, की त्यानंतर तोडणीची यादी शेतावर जाते. हे कारणही अर्ध्या वाक्यात सांगून टाकावं, म्हणजे नियम जाचक वाटत नाही. ‘सुटी’ मिळाल्याचं उत्तर मात्र लगेच जायलाच हवं, नाहीतर ग्राहक पुन्हा फोन करत बसतो.

पावसाळ्यात पालेभाजी चिखलाने भरते, कधी सडते. “त्या आठवड्यात तिच्याऐवजी दोडका किंवा दुधी येईल,” हेही जाहिरातीतच सांगून ठेवावं. तक्रारी बहुधा इथूनच सुरू होतात.

एवढा मजकूर सावकाश बोलला तरी मिनिटभरात संपतो. रेकॉर्डिंगआधी तो तोडणी करणाऱ्या बायकांना आणि टेम्पोचालकाला वाचून दाखवा. ‘सातला पोचणं जमणार नाही’ असं चालक म्हणाला, तर जाहिरातीतली वेळ बदला.