एक डिस्क, तीन सर्व्हर

एका सर्व्हरवर चालणारं व्हर्च्युअल मशिन तो सर्व्हर बंद पडताच शेजारच्या सर्व्हरवर सुरू व्हायचं असेल, तर त्याची डिस्क बंद पडलेल्या पेटीत अडकून चालत नाही. ती सगळ्या सर्व्हरना दिसणाऱ्या सामायिक जागी लागते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: त्या जागेवर कोणी, कधी लिहायचं हे ठरवतो कोण?

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेल्या एनएफएसमध्ये उत्तर सरळ आहे. फाइल सिस्टिम स्टोरेज सर्व्हरकडेच राहते. बाकीचे फक्त फाइल मागतात, हिशेब तो एकटा ठेवतो.

आयस्कझीमध्ये असा हिशेबनीस नाही. नेटवर्कवरून येते ती कोरी डिस्क, आणि प्रत्येक सर्व्हरला ती स्वतःचीच वाटते. तिच्यावर ext4 करून ती दोन सर्व्हरवर एकदम माउंट केली, तर सुरुवातीला काहीच बिघडत नाही. धोका आहे तो यातच. कोणते ब्लॉक मोकळे, याची नोंद प्रत्येक सर्व्हर आपापल्या मेमरीत ठेवतो. एकाने भरलेला ब्लॉक दुसऱ्याला अजून मोकळाच दिसतो आणि तो त्यावर बिनदिक्कत लिहितो. नुकसान कळतं ते मागाहून, फाइल उघडेनाशी झाली की. म्हणूनच अशा डिस्कवर व्हीएमडब्ल्यूएअर अनेक सर्व्हरसाठी बनवलेली व्हीएमएफएस वापरतं. प्रॉक्समॉक्समध्ये बहुधा एलव्हीएम वापरतात: प्रत्येक मशिनला वेगळा तुकडा आणि तो एका वेळी एकाच सर्व्हरकडे.

सेज वाइल यांच्या सांताक्रूझ विद्यापीठातल्या संशोधनातून उभं राहिलेलं सेफ मधली पेटीच काढून टाकतं. सर्व्हरमधल्याच डिस्क एकत्र येतात आणि साधारणपणे प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरवर राहतात. कोणती प्रत कुठे, हे क्रश नावाचं गणित ठरवतं. तीन सर्व्हर, प्रत्येकात ४ टीबीच्या चार डिस्क, म्हणजे एकूण ४८ टीबी. वापरायला मिळतात १६.

तेही पूर्ण नाहीत. समजा सगळ्या डिस्क ७० टक्के भरल्यात आणि एक डिस्क गेली. नेहमीच्या सेटिंगनुसार दहा मिनिटं वाट पाहून सेफ तिच्या प्रती पुन्हा बनवू लागतं. पण सर्व्हर तीनच असल्यामुळे या प्रती इतर दोघांकडे जाऊ शकत नाहीत, तिथे एकेक प्रत आधीच आहे. सगळा भार त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कवर येतो आणि त्या ९३ टक्क्यांकडे सरकू लागतात. ९० टक्क्यांना प्रती भरणं थांबतं. एकही डिस्क ९५ टक्क्यांवर गेली, तर त्या साठ्यावरचं लिहिणंच बंद होतं आणि सगळी मशिन अडकतात.

हे आधी ओळखायचं असेल तर `ceph osd df` मधला `%USE` हा रकाना पाहावा. सरासरीपेक्षा सर्वांत भरलेली डिस्क महत्त्वाची. चार डिस्कच्या अशा मांडणीत तो आकडा ६० च्या आसपास पोचला, की नव्या डिस्क मागवायला हव्यात. एक डिस्क गेली तरी उरलेल्या तीन तेव्हा ८० वरच थांबतात. चौथा सर्व्हर जोडला तर त्याहून बरं, कारण मग हरवलेल्या प्रतींना दुसरीकडेही जागा मिळते.