ईआरपीचा खरा खर्च परवान्यापलीकडचा

गाझियाबाद : साहिबाबाद औद्योगिक क्षेत्रातील एखादा लघुउद्योजक ईआरपी प्रणाली घेतो, तेव्हा त्याची नजर प्रथम परवान्याच्या दरावर जाते. उदाहरणादाखल, १० वापरकर्ते आणि प्रत्येकी दरमहा १,००० रुपये धरल्यास पाच वर्षांचा परवाना ६ लाखांना पडतो. त्यात उभारणीचे ४ लाख, देखभालीचे ३ लाख आणि प्रशिक्षणाचा १ लाख मिळवल्यास बेरीज १४ लाखांवर जाते. ईआरपीनेक्स्टसारख्या मुक्तस्रोत प्रणालीला परवाना शुल्क नाही. उरलेले ८ लाख मात्र बहुतांशी टळत नाहीत.

खरी मेख जुन्या नोंदींत असते. एकच बोल्ट तीन नावांनी नोंदलेला असेल, तर साठ्याचा हिशेब चुकतो. ही साफसफाई दरपत्रकात क्वचितच दिसते. दरमहा २५ हजार वेतनाचे दोन कर्मचारी तीन महिने अर्धा वेळ त्यात गुंतले, तरी ७५ हजार रुपये खर्ची पडतात. प्रणाली सुरू होऊनही भांडारपाल स्वतंत्र वही ठेवत असेल, तर प्रशिक्षण अपुरे पडले असे समजावे.

कंपन्यांना हिशेबाची पुस्तके ८ वर्षे जपावी लागतात. त्यामुळे वर्गणी थांबल्यावर जुनी माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती शुल्कात मिळेल, हे करारातच नमूद करून घेणे इष्ट.