एक पुडा, तीस फोटो

दुकानातल्या अ‍ॅपसमोर बिस्किटाचा पुडा एक सेकंद धरला, तर तेवढ्यात मोबाइलच्या कॅमेऱ्याने त्याचे साधारण तीस फोटो घेतलेले असतात. त्यातल्या बऱ्याच फोटोंत बारकोड नीट वाचता येतो. म्हणजे अ‍ॅपच्या कानावर एकच आकडा वीसेक वेळा पडतो आणि बिलात मात्र पुडा एकदाच लागायला हवा. अ‍ॅप तपासणारी मंडळी बहुधा अंधार वेगळा तपासतात, खराब झालेला कोड वेगळा आणि पुन्हा पुन्हा होणारं स्कॅनिंग आणखी वेगळं. तिन्ही ठिकाणी ‘पास’ची खूण पडते. पण बिल चुकतं ते या तिघांची गाठ पडते तिथे.

आधी उजेडाचं पाहू. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक फोटोसाठी जास्त वेळ प्रकाश आत घेतो. भर उन्हात सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. दुकानामागच्या गोदामात तिसावा भाग लागू शकतो. स्कॅन करताना हात काही दगडासारखा स्थिर नसतो. तो सेकंदाला पाच सेंटिमीटर, म्हणजे अगदी हळू सरकतोय असं धरा. उन्हातल्या फोटोत बारकोड ०.१ मिलिमीटर सरकलेला दिसेल, गोदामातल्या फोटोत सुमारे १.७ मिलिमीटर. नेहमीच्या मापात छापलेल्या बारकोडची सगळ्यात बारीक रेघ ०.३३ मिलिमीटरची असते. म्हणजे पाच बारीक रेघा एकमेकींत फासल्या गेल्या. म्हणूनच पाकीट टेबलावर ठेवून, मोबाइल स्टँडला लावून, दिवे मंद करून केलेल्या चाचणीला फारसा अर्थ नाही. अंधाराची चाचणी हलत्या हाताने करायची, आणि महागड्या फोनवर नाही, दुकानातला पोऱ्या खरोखर वापरतो त्या फोनवर.

मग टॉर्च लावावा? लावावा, पण त्याचीही चाचणी हवी. फरसाणाच्या चकचकीत पिशवीवर टॉर्चचा झोत सरळ पडला की कोडच्या मधोमध पांढरा डाग उमटतो आणि त्याखालच्या रेघा नाहीशा होतात. पिशवी जराशी तिरकी केली की त्या परत दिसतात. अनुभवी कॅशियरचं मनगट हे आपोआप करतं. नवख्या ग्राहकाला मात्र ‘थोडं तिरकं धरा’ असं पडद्यावर सांगावं लागतं.

खराब कोडच्या बाबतीत ओरखडा किती मोठा आहे यापेक्षा तो कुठल्या दिशेने गेलाय हे महत्त्वाचं. आपल्या किराणा मालावर असतो तो १३ अंकी बारकोड उंचीभर एकच गोष्ट सांगत असतो. त्याचा वरचा अर्धा भाग फाटून गेला तरी खालच्या अर्ध्या पट्टीवरून तो पूर्ण वाचता येतो. उलट, रेघांच्या दिशेने वरपासून खालपर्यंत गेलेली पेनाची एकच उभी रेघ सगळा कोड निकामी करू शकते. क्यूआर कोडचा स्वभाव निराळा. १९९४ मध्ये जपानमध्ये तो मोटारींच्या सुट्या भागांसाठी घडवला गेला, त्यामुळे कारखान्यातली घाण त्याच्या निर्मात्यांनी गृहीतच धरली होती. छापताना निवडलेल्या पातळीनुसार त्यातली ७ ते ३० टक्के माहिती पुसली गेली तरी ती गणिताने भरून काढता येते. मात्र कोपऱ्यातल्या तीन चौकोनांना हे संरक्षण नाही. कोड कुठे आहे हेच कॅमेऱ्याला त्यांच्यावरून कळतं. किमतीचं स्टिकर नेमकं तिथे चिकटवून पाहावं.

कोड वाचलाच गेला नाही तर ग्राहक फार तर वैतागतो. खरी भीती चुकीचं वाचण्याची. बारकोडचा तेरावा अंक यासाठीच राखलेला असतो. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९० हा आकडा घ्या. सुरुवातीचा ८९० भारतात नोंदवलेल्या कोडांचा. पहिल्या बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली की १३० येते. ती दहाने पूर्ण भागली जाते, म्हणून तेरावा अंक शून्य. एखादा अंक चुकीचा वाचला गेला की हा हिशेब हमखास बिघडतो आणि अ‍ॅप तो आकडा टाकून देतं.

पण शाई पसरून काळ्या रेघा जाड झाल्या तर? कोडच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागात अंक लिहिण्याची पद्धत वेगळी असते. आपल्या आकड्यात डावीकडचा १ जाड झाल्यावर ७ सारखा दिसू लागतो आणि उजवीकडचा ७ जाड झाल्यावर १ सारखा. हे दोनच बदल एकदम झाले, तर ८९०७२३४५६१८९० असा आकडा मिळतो. त्याची बेरीज करून पाहा: पुन्हा १३०. एका चुकीने दुसरी झाकली आणि पहारेकरी अंकाला पत्ताही लागला नाही. या आकड्याची वस्तू दुकानाच्या यादीत नसेल तर निभावलं. असेल तर बिस्किटाच्या जागी शाम्पू लागेल. म्हणून चांगलं अ‍ॅप एका फोटोवर विसंबत नाही, लागोपाठच्या दोन-तीन फोटोंत तोच आकडा मिळाला तरच तो स्वीकारतं. ते तपासायला छापील कोड कमी शाईचा, जास्त शाईचा आणि धुरकट झेरॉक्सचा, असा तिन्ही प्रकारे हवा.

आता गंमत इथे आहे की ही खबरदारी पुढचा घोळ वाढवते. पुन्हा पुन्हा होणाऱ्या वाचनावर सोपा उपाय म्हणजे तोच आकडा दोन सेकंद दुर्लक्षायचा. पण ग्राहकाने खरोखरच दोन सारखे पुडे घेतले आणि कॅशियरने ते चटाचट दाखवले, तर दुसरा फुकट जातो. म्हणून काही अ‍ॅपमध्ये दुसरा नियम असतो: कोड अर्धा सेकंद नजरेआड झाला की पुडा गेला असं समजायचं आणि पुन्हा दिसला की नवा मोजायचा. लख्ख उजेडात हा नियम उत्तम चालतो. आता मंद दिव्याखाली सुरकुतलेली दुधाची पिशवी धरा. पहिला अर्धा सेकंद कोड वाचला गेला, मग हात थरथरला, कॅमेरा फोकस शोधत बसला, पाऊण सेकंद काहीच वाचलं गेलं नाही, आणि मग कोड पुन्हा दिसला. पिशवी तिथेच होती, पण बिलात दोन लागल्या.

म्हणून माझ्या मते सगळ्यात मोलाची चाचणी ही: मंद उजेड, चुरगळलेला कोड, पिशवी हातात धरून दहा सेकंद, बिलात एकच लागली पाहिजे. लगेच त्याच उजेडात दोन खऱ्या पिशव्या एकापाठोपाठ. दोनच लागल्या पाहिजेत. एका नियमाने दोन्ही जमत नसेल, तर ग्राहकाच्या स्वतःच्या फोनवर ‘आणखी एक?’ असं विचारावं. काउंटरवर हे चालत नाही, कारण कॅशियर पडद्याकडे पाहत नाही. तो आवाजावर काम करतो. ‘बीप’ आला नाही की तो वस्तू परत दाखवतो. म्हणूनच किंमत सर्व्हरवरून येईपर्यंत ‘बीप’ अडवून ठेवणारं अ‍ॅप स्वतःच दुबार स्कॅन ओढवून घेतं. कोड स्वीकारला त्या क्षणी आवाज यायला हवा. किंमत मागून आली तरी चालेल.

राहिलं नेटवर्क. स्कॅनची नोंद सर्व्हरकडे पोचली, पण पोचल्याचा निरोप परत येता येता वाटेत हरवला, तर अ‍ॅप तीच नोंद पुन्हा पाठवतं. प्रत्येक स्कॅनला फोनवरच स्वतंत्र क्रमांक दिला असेल, तर सर्व्हर दुसरी नोंद ओळखून सोडून देतो. हे पाहायला ‘बीप’ वाजताच फोनचं इंटरनेट बंद करावं, थोड्या वेळाने चालू करावं आणि मग बिलाबरोबर स्टॉकही तपासावा. बिलात एक पुडा आणि स्टॉकमधून दोन वजा, असा फरक काउंटरवर कुणाच्याच ध्यानात येत नाही. तो महिनाअखेरीला माल मोजताना निघतो, आणि तोवर बोट चोरीकडे गेलेलं असतं.