लब आणि डब यांच्या मधली जागा

स्टेथोस्कोपमधून ‘लब-डब’ ऐकू येतं, पण त्यातला लब कोणता असं विचारलं की नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं गोंधळतात. ठोके मिनिटाला ७५ असतील तर हृदयाचं एक आवर्तन ०.८ सेकंदांचं असतं. त्यात आकुंचन साधारण ०.३ आणि प्रसरण ०.५ सेकंदांचं. मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटल्या की लब, तिथे आकुंचन सुरू होतं. एऑर्टिक आणि पल्मनरी मिटल्या की डब, तिथून प्रसरण. म्हणून लबनंतरचा विराम छोटा, डबनंतरचा मोठा.

ठोके वाढले की कात्री लागते ती मुख्यतः प्रसरणाला, आणि दोन्ही विराम सारखेच वाटू लागतात. अशा वेळी मानेतली कॅरॉटिड नाडी एकाच बाजूला हलकेच चाचपावी. तिच्या उसळीबरोबर येतो तो लब. मनगटातली नाडी किंचित उशिरा पोचते, ती इथे फसवते.

आता एक नमुन्याचा रुग्ण घेऊ. सव्वीस वर्षांची, पाच महिन्यांची गरोदर बाई. जिना चढताना धाप लागते, रात्री उशा रचून झोपावं लागतं. नाडी ११०. गरोदरपणी रक्त वाढतं, त्यामुळे आकुंचनात हलकी मर्मर बऱ्याच जणींत ऐकू येते आणि ती बहुधा निरुपद्रवी असते. इथे मात्र लब ठसठशीत आहे आणि डबनंतर, म्हणजे प्रसरणात, खोल घरघर आहे. प्रसरणातली मर्मर गरोदरपणाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापानंतर मायट्रल झडप अरुंद झाली असेल, तर डाव्या वरच्या कप्प्यातलं रक्त प्रसरणात खाली उतरताना अडतं. घरघर त्याचीच. गरोदरपणात रक्त वाढलेलं आणि ठोके जलद, त्यामुळे उतरायला वेळ कमी. रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं, म्हणून धाप.

ही घरघर सहज निसटते. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, डावीकडे पाचव्या बरगडीच्या खाली, जिथे हृदयाचा धक्का हाताला लागतो तिथे, बेल नुसती टेकवायची. बेल दाबली की खालची कातडी ताणून डायफ्रॅमसारखी वागते आणि खालच्या पट्टीतला आवाज नाहीसा होतो. ‘काहीच ऐकू आलं नाही’ यामागे पुष्कळदा हा जड हातच असतो.

मर्मर मोठी म्हणजे आजार मोठा, असंही नाही. झडप फार अरुंद होऊन रक्तच कमी वाहत असेल तर घरघर क्षीण होते. म्हणून नोंदीत जागा, कुशी, बेल की डायफ्रॅम आणि मर्मर डबनंतर किती वेळ टिकली हे लिहावं, आणि अशी धाप असलेल्या बाईची खबर डॉक्टरांना लगेच द्यावी. झडप किती अरुंद आहे, ते इकोत कळेल.