रक्तात कॅल्शियम नॉर्मल, मग हाड का वाकलं?

पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये हाडं मऊ होण्याचा जो आजार दिसतो, त्याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. नाव एक असलं तरी तो एक आजार नाही. कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व यांचा हिशोब बिघडला की हाडांचं जे काही होतं, त्या सगळ्याला मिळून हे नाव दिलंय. त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे आहार आणि प्रकाश चुकल्यामुळे होणारा. या लेखात तेवढाच घेऊ, आणि तोही एकाच प्राण्यात: हिरव्या इग्वानात.

एक नमुना केस समोर ठेवू. ही एका विशिष्ट प्राण्याची गोष्ट नाही. अशा केसेसमध्ये जे नेहमी एकत्र दिसतं, ते मी एका ठिकाणी मांडलंय. १४ महिन्यांचा इग्वाना, फ्लॅटमध्ये काचेच्या टाकीत वाढलेला. टाकी खिडकीशी ठेवलेली, रोज दोन-तीन तास ऊन आत येतं. खाणं काकडी, केळं आणि लेट्यूस. मालक म्हणतात, "खातो छान, मांड्याही भरल्यात, पण आठवडाभर झाला, चढत नाही आणि बोटं थरथरतात." खालचा जबडा दोन्ही बाजूंनी फुगलाय आणि बोटाने हलकं दाबलं तर किंचित लवतो. रक्ताचा रिपोर्ट येतो: एकूण कॅल्शियम नॉर्मल मर्यादेत, फॉस्फरस वाढलेला.

इथे बरेच विद्यार्थी अडकतात. कॅल्शियम नॉर्मल आहे म्हणजे कॅल्शियमचा आजार नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात हा आकडा नॉर्मल ठेवण्यासाठीच शरीर हाड मोडून खातंय.

हाड म्हणजे बँक

स्नायू आकुंचन पावायला आणि नसांमधून संदेश जायला रक्तातलं कॅल्शियम एका अरुंद मर्यादेतच असावं लागतं. ते जरा खाली आलं की पॅराथायरॉइड ग्रंथी आपलं संप्रेरक सोडतात. ते संप्रेरक हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतं आणि मूत्रपिंडाला कॅल्शियम वाचवायला लावतं. एक-दोन दिवसांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. पण बाहेरून भरणाच होत नसेल, तर महिनोन्‌महिने फक्त पैसे काढणं चालू राहतं. पासबुकात शिल्लक दिसत राहते, कारण ठेवी मोडल्या जातायत.

काढून घेतलेल्या खनिजाच्या जागी शरीर तंतुमय ऊती भरतं. हाड कमजोर झालंय, त्याला निदान जाडी तरी द्यावी, असा हा प्रकार. म्हणून जबडा फुगतो, मांडी भरदार दिसते. मालकाला तो धष्टपुष्टपणा वाटतो. या अवस्थेला फायब्रस ऑस्टिओडिस्ट्रॉफी म्हणतात. बोटांची थरथर मात्र सांगते की आता ठेवीही संपत आल्यात आणि रक्तातलं आयनीकृत कॅल्शियम, म्हणजे स्नायूंना प्रत्यक्ष वापरता येणारा भाग, घसरायला लागलाय. एकूण कॅल्शियममध्ये प्रथिनांना चिकटलेला भागही मोजला जातो, त्यामुळे त्या आकड्यात ही घसरण लपू शकते. मादीच्या पोटात अंडी तयार होत असतील तर एकूण आकडा वाढतोही. म्हणून शक्य असेल तिथे आयनीकृत कॅल्शियम वेगळं मागवावं.

खाण्याचा हिशोब

आता भरणा का होत नव्हता ते बघू. १०० ग्रॅम केळ्यात साधारण ५ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २२ मिलिग्रॅम फॉस्फरस असतं. तेवढ्याच काकडीत साधारण १६ आणि २४. दोन्ही समप्रमाणात दिलं तर कॅल्शियम २१, फॉस्फरस ४६. म्हणजे फॉस्फरस कॅल्शियमच्या दुपटीहून जास्त. इग्वानाला हवं ते बरोबर उलट: कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट. जादा फॉस्फरस आतड्यात कॅल्शियम अडवतो आणि रक्तात पॅराथायरॉइडला आणखी डिवचतो, त्यामुळे नुसतं कॅल्शियम किती आहे हे बघून भागत नाही.

हे गुणोत्तर दुप्पट करायचं तर ४६ ला ९२ मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. कमी पडतात ७१. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्के असतं, म्हणजे २०० ग्रॅम खाण्यावर जेमतेम १८० मिलिग्रॅम पावडर. चिमूटभरही नाही! मग प्रश्न पडतो: पावडर इतकी थोडी लागते, तर पावडर देणाऱ्यांच्याही इग्वानांना हा आजार का होतो?

काचेतून येणारं ऊन

कारण आतड्यात पोचलेलं कॅल्शियम रक्तात ओढून घ्यायला ड३ जीवनसत्त्व लागतं. त्याच्याशिवाय पावडरीतलं बरंचसं कॅल्शियम विष्ठेतून तसंच निघून जातं. इग्वाना हे जीवनसत्त्व मुख्यतः स्वतःच्या कातडीत बनवतो. खाण्यातून दिलेल्या ड३ वर त्याचं नीट भागत नाही. सूर्यप्रकाशातल्या यूव्हीबी किरणांपैकी साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचा पट्टा कातडीतल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या रेणूवर पडतो आणि त्यातून ड३ चं आधीचं रूप तयार होतं. मग शरीराच्या उष्णतेने त्याचं ड३ होतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. म्हणजे यूव्हीबी आणि ऊब दोन्ही हवीत. दिवा चांगला असला आणि प्राणी गारठलेला असला, तर ही साखळी मंदावते, शिवाय पचनही मंदावतं.

खिडकीची साधी काच उजेड आणि ऊब आत सोडते, पण हा यूव्हीबीचा पट्टा जवळजवळ पूर्ण अडवते. आपल्या केसमधला इग्वाना रोज उन्हात बसत होता, अंग तापत होतं, आणि ड३ बनत नव्हतं. मालक प्रामाणिकपणे सांगतात, "ऊन मिळतं." म्हणून हिस्टरी घेताना "ऊन मिळतं का?" असं विचारू नका. "ऊन आणि प्राणी यांच्यामध्ये काय आहे?" असं विचारा.

दिव्यांचंही तेच. यूव्हीबी ट्यूब डोळ्याला लख्ख दिसते, पण काही महिन्यांत तिचं यूव्हीबी उतरतं आणि दिसणारा उजेड तसाच राहतो. बारीक जाळी मध्ये आली की बराच भाग तिथेच कमी होतो. अंतर वाढलं की आणखी कमी. म्हणून खोक्यावरचा आकडा लिहून घेण्यात अर्थ नाही. प्राणी जिथे बसतो, तिथे त्याच्या पाठीच्या उंचीवर मीटर धरून यूव्ही इंडेक्स मोजायचा. किती हवा याला आधार आहे गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या कामाचा. त्यांनी निसर्गातल्या सरडे आणि सापांच्या १५ जाती प्रत्यक्ष कुठे बसतात तिथला यूव्ही इंडेक्स मोजला आणि चार गट पाडले. हिरवा इग्वाना तिसऱ्या गटात धरला जातो. त्या गटाची सरासरी १.० ते २.६ येते. पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला सावली हवीच, म्हणजे प्राण्याला स्वतः कमी-जास्त करता येतं.

एक्स-रे कसा वाचायचा

आधी प्राणी धरताना काळजी. अशी हाडं पकडीतही मोडतात. डोळ्यांवर कापूस ठेवून हलकी पट्टी गुंडाळली, तर बरेच इग्वाना शांत होतात आणि जोर न लावता फिल्म मिळते.

पहिली नजर हाड आणि भोवतालचं मांस यांच्यातल्या फरकावर टाका. निरोगी प्राण्यात हाड स्पष्ट पांढरं उठून दिसतं. आपल्या इग्वानात मांडीचं मांस आणि मांडीचं हाड जवळजवळ एकाच करड्या छटेत मिसळलंय. दुसरी नजर कॉर्टेक्सवर, म्हणजे लांब हाडाच्या बाहेरच्या टणक भिंतीवर. ती दोन ठळक रेघांसारखी दिसायला हवी. इथे पेन्सिलने हलकेच ओढल्यासारखी आहे. बाहेरून भरलेली मांडी आणि आत कागदी भिंतीचं हाड, ही जोडी दिसली की निदान जवळपास हातात आलं. तिसरं, खालचा जबडा: रुंद, गोलसर, कडा धूसर. चौथं, मणका आणि कटी: मणका वाकडा, कटीचं हाड आत दबलेलं. शेवटी फ्रॅक्चर. ते अनेकदा कोवळ्या फांदीसारखे वाकलेले असतात, तुकडे वेगळे झालेले नसतात, आणि मालकाला कुठला मार लागल्याचं आठवत नाही.

दोन सापळे आहेत. एक्सपोजर जास्त झालं की चांगलं हाडही फिकट दिसतं. डिजिटल यंत्र तर चित्राचा कॉन्ट्रास्ट स्वतःच जुळवतं आणि खरी फिकटी झाकूही शकतं. उपाय सोपा आहे: त्याच फिल्मवर अॅल्युमिनियमची पायऱ्यांची पट्टी ठेवायची, म्हणजे छटेची तुलना ठरलेल्या जाडीशी करता येते. दुसरा सापळा मूत्रपिंडाचा. प्रौढ इग्वानात मूत्रपिंड निकामी झालं तरी फॉस्फरस वाढतो आणि हाडं अशीच पातळ होतात. तिथे दिवा बदलून काही होत नाही. आपला प्राणी १४ महिन्यांचा, काचेमागे वाढलेला, म्हणून पारडं आहार-प्रकाशाकडे झुकतं; पण मूत्रपिंडं मोठी आहेत का, हे बघूनच पुढे जायचं.

एक्स-रे काय सांगत नाही

साध्या एक्स-रेवर हाड फिकट दिसायला त्यातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज जावं लागतं. म्हणजे "एक्स-रे नॉर्मल" याचा अर्थ "अजून तिसरा हिस्सा गेलेला नाही" एवढाच. उपचारानंतरही हेच. प्रकाश, ऊब, आहार आणि कॅल्शियम सुधारलं की थरथर आधी थांबते. हाड पांढरं व्हायला महिने लागतात. वाकलेला मणका वाकलेलाच राहतो.

आता समजा, तुम्हाला दोन प्रकारच्या दिव्यांची तुलना करायची आहे. निष्कर्ष फक्त एक्स-रेवर ठेवलात, तर वाईट दिव्याखालच्या प्राण्यांचं तिसरा हिस्सा हाड जाईपर्यंत तुम्हाला फरक दिसणार नाही; तोवर थांबणं त्या प्राण्यांवर अन्याय आहे. त्याऐवजी रक्तातलं २५-हायड्रॉक्सी ड३ मोजलं, तर फरक खूप आधी कळतो. मालकांकडच्या प्राण्यांची पाहणी करत असाल तर वेगळी अडचण येते. जो दिवा लावत नाही, तो बहुतेक पावडरही टाकत नाही. अशा वेळी प्रकाशाचा परिणाम आणि खाण्याचा परिणाम एकमेकांत मिसळतात. दोन्ही वेगळे नोंदवले नसतील, तर नंतर कुठलंही गणित ते सोडवू शकत नाही. प्रत्येक प्राण्यासाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: बसण्याच्या जागी मोजलेला यूव्ही इंडेक्स, तिथलं तापमान, आणि आठवडाभर तोललेलं खाणं.