‘तीन महिने करून पाहू’ : फ्रेंच मॅनेजरला लिहिलेला एक मेल

पुण्यात माझ्याकडे फ्रेंच शिकलेली एक मुलगी आता लियोंजवळ सुट्या भागांच्या एका कंपनीत पुरवठा नियोजनाचं काम करते. राहते बुर्गवाँ-झालियोला. दारातून निघून खुर्चीत बसेपर्यंत एक तास दहा मिनिटं जातात, आणि संध्याकाळी तेवढीच. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायला मिळावं म्हणून तिने मॅनेजरला मेल लिहिला आणि पाठवण्याआधी मला दाखवला. व्याकरणाची एकही चूक नव्हती. तरी मी तिला लगेच फोन केला आणि म्हणाले, ‘हा आज पाठवू नकोस.’

पहिलं कारण एका शब्दाचं. ‘तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर करून पाहू’ असं तिला म्हणायचं होतं, म्हणून तिने लिहिलं होतं ‘पेरियोद देसे’. शब्दकोशात पाहिलं तर बरोबर आहे : ‘देसे’मधला ‘एसे’ म्हणजे चाचणी, ‘पेरियोद’ म्हणजे काळ. पण फ्रान्समधल्या नोकरीच्या जगात या जोडशब्दाला एकच अर्थ चिकटलेला आहे : नव्या नोकरीतला परिवीक्षेचा काळ. त्या काळात मालक किंवा नोकरदार कुणीही कारण न देता करार संपवू शकतो. कायम करारावर असलेली, दीड वर्ष जुनी कर्मचारी स्वतःहून ‘मला तीन महिने पेरियोद देसेवर ठेवा’ असं लिहिते आहे, असं वाचणाऱ्याला वाटलं असतं. मनुष्यबळ विभागाने त्याचा अर्थ तसा लावला नसताही, पण पहिल्याच ओळीवर गोंधळ नक्की झाला असता. घरून कामाच्या चाचणीला तिथे ‘पेरियोद दादाप्तास्यों’ म्हणतात, म्हणजे जुळवून घेण्याचा काळ. मालक आणि कामगार संघटनांच्या 2005 सालच्या राष्ट्रीय करारातही ही कल्पना आहे. साधं बोलायचं तर ‘आ तित्र एक्सपेरिमाँताल’, प्रायोगिक तत्त्वावर, एवढंही चालतं.

दुसरं कारण मोठं होतं, आणि ते फ्रेंचचं नव्हतं, आपल्या मराठी शाळेचं होतं. आपण लहानपणी रजेचा अर्ज लिहायला शिकतो. त्याची चाल पाठ असते : आधी अडचण, मग विनंती, शेवटी ‘तरी कृपया मंजुरी मिळावी’. तिचा मेल त्याच चालीचा होता. पहिला परिच्छेद गाडीच्या दगदगीचा, दुसरा पाठदुखीचा, तिसरा सासूबाई येणार असल्याचा. मॅनेजरच्या कामाबद्दल एक अक्षर नाही. अडचण खरी होती, मला ती कळत होती. पण फ्रान्समध्ये ‘तेलेत्रावाय’ ही सवलत किंवा मेहेरबानी समजत नाहीत, ती काम मांडण्याची एक पद्धत समजतात. कायद्यातल्या व्याख्येतही ती काम संघटित करण्याचाच एक प्रकार आहे. त्यामुळे मॅनेजर वाचताना एवढंच शोधतो : सोमवारी सकाळी ही इथे नसेल तर माझं काय अडेल?

मेल बाजूला ठेवून आधी तिला एक काम सांगितलं : कंपनीत तेलेत्रावायचा सामूहिक करार किंवा ‘शार्त’ म्हणजे नियमपत्र आहे का ते बघ. 2017 च्या सुधारणेनंतर नियम असा आहे : कंपनीत असा करार किंवा नियमपत्र असेल, त्यात तुमचं पद पात्र ठरत असेल आणि तरीही मालकाने नकार दिला, तर त्याला नकाराचं कारण द्यावं लागतं. दोन्ही नसेल तर दोघांच्या संमतीवर सगळं चालतं. ती संमती कुठल्याही मार्गाने नोंदवली तरी पुरते, साध्या मेलनेसुद्धा. तिच्या कंपनीत नियमपत्र निघालं. सहा महिने नोकरी झालेली हवी, पद यादीत हवं, जास्तीत जास्त दोन दिवस. ती तिन्ही अटींत बसत होती.

हे कळल्यावर तिला कायद्याचं कलम मेलमध्ये टाकायचा मोह झाला. मी अडवलं. पहिल्याच पत्रात कलमाचा आकडा दिसला की फ्रेंच वाचकाला ती वकिलाच्या नोटिशीची सुरुवात वाटते. नियमपत्राचा उल्लेख एका ओळीत, ‘आपल्या नियमपत्रानुसार’ एवढाच. कलम लागतं ते कारण न देता नकार आला तर, आणि तेव्हाही आधी मनुष्यबळ विभागाशी बोलताना.

मग दिवसांचा प्रश्न. तिने सोमवार आणि शुक्रवार मागितले होते. शनिवार-रविवारच्या दोन्ही बाजूंचे दिवस एकत्र मागितले की मॅनेजरच्या मनात पहिली शंका येते ती लांब सुट्टीची. मी बुधवार सुचवून पाहिला, तर तीच म्हणाली, ‘मॅडम, बुधवार तर नकोच.’ फ्रान्समध्ये बऱ्याच शाळांना बुधवारी सुट्टी किंवा अर्धाच दिवस असतो. बुधवार मागणारी आई मुलं सांभाळायला घरी राहते असं सहज धरलं जातं. शिवाय तिच्या टीममधली दोन माणसं बुधवारी कामावर येतच नाहीत, म्हणजे त्या दिवशी कार्यालयात कुणीतरी हवंच.

तेव्हा कागद घेऊन तिचा आठवडा मांडला. सोमवारी सकाळी पुरवठादारांची थकबाकी यादी येते. कुठला भाग उशिरा येणार हे तिला दुपारपर्यंत जुळवून काढायचं असतं. त्यासाठी शांतता लागते, माणसं लागत नाहीत. मंगळवारी टीमची बैठक. बुधवारी ती कार्यालय सांभाळते. गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांच्या मागणीचा अंदाज, तेही एकटीचं काम. शुक्रवारी कार्यशाळेत जाऊन प्रत्यक्ष साठा पाहणं, जे घरून होणारच नाही. उत्तर समोरच होतं : सोमवार आणि गुरुवार. दोन्ही दिवस मोकळे म्हणून निवडलेले नाहीत, त्या दिवशीच्या कामासाठी निवडलेले आहेत. युक्तिवादाचं अर्धं काम तिथेच झालं.

उरलेलं अर्धं भाषेचं. ‘झ व्हो’, मला हवं आहे, हे फ्रेंच कानाला हट्टासारखं लागतं. त्याऐवजी ‘झ सुएतरे’, माझी इच्छा राहील, हे संकेतार्थी रूप. ‘दमाँद’ हा शब्द मात्र निःशंक वापरावा. इंग्रजीची सवय असलेल्यांना त्यात मागणीचा कडकपणा ऐकू येतो, पण फ्रेंचमध्ये तो साधा ‘विनंती’ आहे. एरवी कार्यालयात मॅनेजरशी ती ‘त्यु’ म्हणून, म्हणजे एकेरीत बोलते. मेलमध्ये तिने अचानक ‘व्हू’ केलं होतं. आपल्याला वाटतं आदर वाढला, त्याला वाटतं काहीतरी बिनसलं. रोज एकेरी असेल तर मेलही एकेरी. मनुष्यबळ विभागाला जाणाऱ्या औपचारिक पत्रात ‘व्हू’.

नवा मेल चार परिच्छेदांचा झाला. तो पाठवण्याआधी तिने मॅनेजरला कॉफीच्या वेळी तोंडी विचारून ठेवलं, कारण लेखी विनंती आकाशातून पडली की माणूस सावध होतो. मेलचा मराठीत आशय असा होता :

‘मंगळवारी आपण बोललो त्यानुसार, आपल्या नियमपत्राच्या चौकटीत मला सोमवार आणि गुरुवार असे दोन दिवस घरून काम करण्याची विनंती करायची आहे.

‘सोमवारी मी थकबाकी यादी जुळवते आणि गुरुवारी अंदाज तयार करते. ही दोन्ही कामं सलग एकाग्रतेची आहेत. मंगळवारची बैठक, बुधवारची उपस्थिती आणि शुक्रवारची साठा तपासणी आहे तशीच राहील.

‘त्या दिवशी मी 9 ते 12 आणि 2 ते 5 या वेळात फोन आणि चॅटवर उपलब्ध असेन. उशिरा येणाऱ्या भागांची यादी सोमवारी 4 वाजेपर्यंत तुझ्याकडे असेल.

‘15 सप्टेंबर ते 15 डिसेंबर असा तीन महिन्यांचा जुळवून घेण्याचा काळ ठेवू, सहा आठवड्यांनी एक मधला आढावा आणि शेवटी एक हिशेब. ही व्यवस्था सेवेला सोयीची वाटली नाही, तर पंधरा दिवसांच्या पूर्वसूचनेने तू किंवा मी ती थांबवू शकतो.’

शेवटचं वाक्य लिहायला ती तयार नव्हती. ‘मीच माझ्याविरुद्ध दार उघडून ठेवू?’ असं तिने विचारलं. माझ्या मते सबंध मेलमधलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच. मॅनेजरला होकाराची भीती नसते, कायमच्या होकाराची असते. एकदा दिलेले दिवस परत घेताना भांडण होईल, बाकीचे चौघे उदाहरण दाखवतील, ही त्याची खरी धास्ती. पूर्वसूचनेची मुदत, तिकडच्या भाषेत ‘देले द प्रेव्हनाँस’, तारखांसह लिहून दिली की ती धास्ती उतरते. मधल्या आढाव्याला तिथे ‘प्वाँ देताप’ आणि शेवटच्या हिशेबाला ‘बिलाँ’ म्हणतात. हे दोन शब्द मेलमध्ये असले की हा माणूस मागून मोकळा होणार नाही, तपासूही देणार आहे, असं वाचणाऱ्याला कळतं.

तपासायचं काय, हेही ठरवलं. ‘उत्पादकता वाढेल’ असं लिहायचं नाही; ते कुणी मोजणार नाही आणि मोजलंच तर वाद होईल. तिच्या कामात मोजता येण्याजोगी गोष्ट एकच होती : मंगळवारच्या बैठकीत असा किती उशीर कळला, जो सोमवारच्या यादीत यायला हवा होता आणि आला नाही. आकडा छोटा, पण दोघांनाही मान्य.

एक गोष्ट तिने नंतर विचारली, आणि आपल्याकडच्या पुष्कळांना ती विचारावीशी वाटते. हे दिवस साठवून महिनाभर पुण्याहून काम केलं तर? ते या मेलमध्ये बसत नाही. नियमपत्रात कामाची जागा बहुधा नोंदवलेली असते. भारतात बसून काम केलं की सामाजिक सुरक्षा, कर आणि विमा यांचे नियम बदलतात, कंपनीची माहिती युरोपबाहेर जाते. न सांगता कुणी असं केलं तर घरचे दिवस जातातच, नोकरीवरही बेतू शकतं. त्याची परवानगी वेगळी आणि आधीच घ्यावी लागते.

पाच दिवसांनी उत्तर आलं. सोमवार मान्य, गुरुवार मधल्या आढाव्यानंतर पाहू. ती हिरमुसली. मी म्हणाले, आधी त्याच मेलला उत्तर देऊन तारखा नोंदव : पहिला सोमवार कोणता, आढावा कुठल्या दिवशी, पूर्वसूचना किती. तोंडी ठरलेला अर्धा होकार मॅनेजर बदलला की हवेत विरतो, लिहिलेला राहतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस आढावा झाला. सुटलेला उशीर एकच होता, आणि तो पुरवठादाराने मंगळवारी सकाळी कळवलेला. पण तक्रार भलत्याच बाजूने आली. कार्यशाळेतला माणूस सोमवारी भागाची चौकशी करायला तिच्या टेबलापर्यंत यायचा आणि रिकामी खुर्ची पाहून परत जायचा. तो चॅट उघडत नाही, त्याचे हात तेलकट असतात. तिने तिथल्या फळ्यावर आपला नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि शुक्रवारच्या फेरीतच सोमवारी लागणाऱ्या भागांबद्दल त्याला विचारायला लागली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून गुरुवारही सुरू झाला, 15 डिसेंबरपर्यंत, त्याच पंधरा दिवसांच्या अटीवर.