चाळीस मिनिटांचा तक्ता आणि एक टोपलीभर माती

अध्यापक-महाविद्यालयांच्या मराठी परिभाषेत ज्याला 'पाठ-टाचण' म्हणतात, त्याच्याकडे साहित्याचे अभ्यासक सहसा गांभीर्याने पाहत नाहीत. वेळ, कृती, साहित्य आणि मूल्यमापन असे रकाने आखलेला तो एक कागद, निरीक्षकाच्या सहीपुरता जगणारा, असा त्याविषयी समज आहे. या समजाला कारणही आहे. हर्बार्टने (1776-1841) सांगितलेल्या चार अवस्थांच्या त्सिलर आणि राइन या अनुयायांनी पाच पायऱ्या केल्या. ही 'पंचपदी' आपल्या प्रशिक्षण-संस्थांत रुजली आणि प्रत्येक विषयाच्या प्रत्येक पाठाला प्रस्तावना, विवेचन, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन याच क्रमाने चालावे लागले. पुढे उद्दिष्टे व अपेक्षित वर्तनबदल यांचे रकाने वाढले. गणिताच्या पाठाला हा क्रम पुष्कळ अंशी मानवतो. कथेच्या बाबतीत मात्र 'सामान्यीकरण' या पायरीवर हटकून तात्पर्य येऊन बसते, आणि एकदा तात्पर्य फळ्यावर आले की कथा वाचण्याचे प्रयोजन उरत नाही. असे असले तरी तक्ता टाकून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तक्त्यातील कोणता रकाना कथेच्या कोणत्या जागेशी बांधावयाचा, हा खरा प्रश्न आहे, आणि तो एका कथेच्या आधारेच पाहता येतो.

ही कथा रायपूरच्या परिसराशी निगडित आहे. माधवराव सप्रे (1871-1926) यांची मातृभाषा मराठी. लेखन मात्र त्यांनी हिंदीत केले. 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत आणले. 1900 साली पेंड्रा येथून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले, आणि त्यातच 1901 साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा प्रसिद्ध झाली. ही हिंदीतील पहिली कथा की नाही याविषयी इतिहासकारांत वाद आहे. किशोरीलाल गोस्वामींची 'इंदुमती', रामचंद्र शुक्लांची 'ग्यारह वर्ष का समय' अशी अन्य नावेही घेतली जातात. वर्गाच्या दृष्टीने या वादाला फारसे महत्त्व नाही. कथा अवघी पाच-सहा मिनिटांत वाचून होते, आणि एका तासिकेत संपूर्ण संहिता हाताळता येणे ही साहित्याच्या अध्यापनात दुर्मीळ सोय आहे.

कथानक थोडक्यात असे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार शेजारच्या अनाथ विधवेच्या झोपडीपर्यंत वाढवावयाचे आहे. पती, मुलगा व सून गमावलेली ती वृद्धा पाच वर्षांच्या नातीसह तेथे राहते आणि झोपडी सोडावयास तयार होत नाही. जमीनदार वकिलांना हाताशी धरून न्यायालयामार्फत झोपडीचा ताबा घेतो. पुढे एके दिवशी तो तेथे फिरत असता वृद्धा टोपली घेऊन येते. नात अन्न घेत नाही, आपल्याच घरची भाकरी मागते. तेव्हा त्या जागेतील टोपलीभर माती नेऊन चूल घालावी, एवढीच तिची मागणी असते. परवानगी मिळते. ती आत जाते, टोपली भरते, हातांनी उचलून बाहेर आणते आणि जमीनदाराला विनवते की ही माझ्या डोक्यावर चढवून द्या. तो प्रथम रागावतो, मग दया येऊन स्वतः वाकतो; पण टोपली हातभरही वर उठत नाही. त्यावर वृद्धा म्हणते की एका टोपलीचा भार सोसवत नाही, तर या झोपडीत पडलेल्या हजारो टोपल्या मातीचा भार आपण जन्मभर कसा वाहणार? जमीनदाराला पश्चात्ताप होतो आणि तो झोपडी परत देतो.

रायपूरच्या एखाद्या महाविद्यालयातील प्रथम वर्षाचा चाळीस विद्यार्थ्यांचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. काहींच्या घरी छत्तीसगढी बोलली जाते, काहींच्या हिंदी, दोन-चारांच्या मराठी. अशा वर्गासाठी पुढील तक्ता आखता येईल.

| वेळ (मिनिटे) | कृती | साहित्य | आकलनाची पडताळणी |
|---|---|---|---|
| 0-3 | हजेरी, आसनव्यवस्था | – | – |
| 3-8 | टोपलीला घरी काय म्हणतात, जमीनदार म्हणजे कोण, यांवर प्रश्नोत्तरे | रिकामी टोपली, फळा | 'जमीनदार' शब्दाचे दोन अर्थ विद्यार्थ्यांकडून येतात का |
| 8-15 | संहितेचा पहिला भाग: शिक्षकाचे प्रकट वाचन | पहिला कागद | – |
| 15-21 | वृद्धा आता काय म्हणेल, हे एका वाक्यात लेखन. सहा-सात चिठ्ठ्यांचे वाचन | कोऱ्या चिठ्ठ्या | वाक्य मातीशी जोडलेले आहे की केवळ रागाचे |
| 21-24 | दुसऱ्या भागाचे वाचन | दुसरा कागद | – |
| 24-33 | टोपली कोणी उचलली, कोणाला उचलली नाही: संहितेतून शोध व चर्चा | दोन्ही कागद | ओळीवर बोट ठेवून उत्तर |
| 33-38 | टोपली उचलली गेली असती तर? दोन ओळींचे लेखन | चिठ्ठ्या | तासिकेनंतर वर्गवारी |
| 38-40 | राखीव | – | – |

या तक्त्याचा सर्व भार पंधराव्या मिनिटावर आहे. पहिला कागद जमीनदाराचा प्रयत्न फसतो तेथे संपतो. वृद्धेचे उत्तर दुसऱ्या कागदावर असते आणि तो तोपर्यंत वाटला जात नाही. संपूर्ण कथा एकाच कागदावर दिली तर विद्यार्थ्याची नजर आधीच शेवटाकडे धावते आणि पुढील लेखन ही नक्कल ठरते. ज्यांनी कथा पूर्वी वाचली आहे त्यांना याच वेळात दुसरे काम द्यावे: जमीनदाराने चाकराला न सांगता स्वतः टोपलीला हात का घातला, ते लिहावे. चाळीस जणांनी तोंडी उत्तरे द्यावयाची म्हटल्यास मिनिटाला एक याप्रमाणे अख्खी तासिका संपेल. म्हणून सर्वांनी लिहावे आणि मोजक्याच चिठ्ठ्या वाचाव्यात. त्या चिठ्ठ्यांत साधारणतः दोन जातींची वाक्ये अपेक्षित धरावीत. शाप, धिक्कार किंवा करुणेची याचना करणारी वाक्ये प्रसंग कळल्याची खूण आहेत, पण रचना कळल्याची नव्हेत. भार, माती, टोपली या शब्दांना धरून पुढे जाणारे वाक्य, मग ते ओबडधोबड का असेना, कथेच्या घडणीपर्यंत पोहोचलेले असते.

साहित्याच्या रकान्यात 'रिकामी टोपली' असे मुद्दाम म्हटले आहे. उत्साही शिक्षक टोपलीत माती भरून आणतो आणि एखाद्या धट्ट्याकट्ट्या मुलाला ती उचलावयास लावतो. वीस लिटर मावेल अशा टोपलीत सैल माती सुमारे पंचवीस किलो भरते. तरुण मुलगा ती सहज उचलतो, वर्ग हसतो, आणि कथेचा कणाच मोडतो. कारण कथेतील भार वजनाचा नाही, हे कथा स्वतःच सांगते: तीच टोपली वृद्धेने काही क्षणांपूर्वी हातांनी उचलून बाहेर आणलेली असते. ही छोटीशी नोंद वाचताना बहुतेकांच्या नजरेतून सुटते. म्हणून चर्चेच्या नऊ मिनिटांत प्रश्न एकच असावा आणि उत्तर संहितेतील ओळीवर बोट ठेवूनच यावे. 'समजले का?' या प्रश्नाला वर्ग एकमुखाने होकार देतो; त्या होकारावरून काहीही कळत नाही.

रिकाम्या टोपलीचा उपयोग निराळा आहे. छत्तीसगढीत तिला 'टुकनी' म्हणतात, हिंदीत 'टोकरी'. मराठीत 'टोपली' आहेच, पण माती वाहण्याची ती 'पाटी'. 'एक पाटी माती' असे भाषांतर केले की कथा एकदम मजुरीच्या जगात शिरते; 'टोपलीभर माती' म्हटले की ती घराच्या, चुलीच्या जगात राहते. जमीनदार या शब्दाचीही तीच गत. रयतवारी मुलखातून आलेल्या मराठी वाचकाला जमीनदार म्हणजे पुष्कळ जमीन असलेला शेतकरी वाटतो. नागपूर-भंडाऱ्याच्या व छत्तीसगढच्या वाचकाच्या मनात मालगुजार उभा राहतो, म्हणजे अख्ख्या गावाचा सारा गोळा करणारा मालक. 1950 च्या कायद्याने मध्य प्रदेशातील ते मालकी हक्क नाहीसे झाले, आणि आजच्या विद्यार्थ्याला हा फरक सांगितल्याखेरीज कळत नाही. वृद्धेची बाजू न्यायालयात का टिकली नाही, हे या फरकावाचून नुसते दुर्दैव वाटते. येथे पाच मिनिटे खर्ची पडणे योग्य आहे. दहा पडू लागली की तो इतिहासाचा तास होतो.

शेवटची कृती सर्वांत साधी आणि सर्वांत बोलकी आहे. टोपली उचलली गेली असती तर काय झाले असते? ज्याने केवळ तात्पर्य पाठ केले आहे तो लिहितो की जमीनदाराला तरीही चूक उमगली असती, कारण अन्यायाचा शेवट वाईट होतो. ज्याने कथा वाचली आहे तो लिहितो की वृद्धेला मग बोलावयास जागाच उरली नसती. ती माती घेऊन निघून गेली असती आणि आवार पूर्ण झाले असते. तिसरे उत्तर अधिक मोलाचे आहे, पण विरळा येते: शेवटचा पश्चात्ताप फार लवकर झाला, लेखकाने तो घाईने उरकला, असे त्यात म्हटलेले असते. हे उत्तर चूक धरू नये. ही आधुनिक लघुकथा की दृष्टांतकथा, या वादाचे मूळ नेमके तेथेच आहे, आणि पहिली कथा कोणती या वादालाही त्याच दाराने आत जाता येते.

तासिकेनंतर चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करण्यास दहा मिनिटे पुरतात. पहिला गठ्ठा निम्म्याहून मोठा निघाला तर पुढील तासिकेत नवी कथा घेऊ नये. पहिला कागद पुन्हा वाटावा आणि 'हातांनी उचलून' ही ओळ शोधण्यापासून आरंभ करावा. राखीव ठेवलेल्या दोन मिनिटांविषयी प्रशिक्षण-संस्थांतील निरीक्षक आक्षेप घेतात, कारण रिकामा रकाना त्यांना आळसाचा वाटतो. वस्तुतः चिठ्ठ्या वाटणे-गोळा करणे यातच ती दोन मिनिटे जातात, आणि ती तक्त्यात धरलेली नसली तर ती नेमकी शेवटच्या लेखनातून कापली जातात.